पंप नाही मग सोलर वॉटर हीटरचं पाणी फिरतं कसं?

अरे पंप लागतच नाही, पाणी स्वतःच्या वजनातल्या फरकानेच फिरतं. 25 डिग्रीचं एक लिटर पाणी साधारण 997 ग्रॅम भरतं आणि 60 डिग्रीचं 983, म्हणजे फरक फक्त 14 ग्रॅमचा. पॅनलमधलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या पाईपने टाकीत चढतं आणि टाकीच्या तळाचं गार, जड पाणी खालच्या पाईपने पॅनलच्या बुडाशी येतं, ऊन असेपर्यंत हे चक्र चालू.

आता गंमत बघ, एक मीटर उंचीवर हा जोर जेमतेम 14 मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा, त्यामुळे एवढासा अडथळाही त्याला जड जातो. आमच्याकडे गळती काढताना प्लंबरने गरम पाईपला मधे कमान दिली, तिथे हवा अडकली आणि दुपारी दोनला पॅनलचं वरचं टोक हात लावू देईना, टाकी मात्र गारच! पॅनल तापलंय आणि टाकीकडचा पाईप थंड असेल तर समजायचं की बहुतेक हवा अडकलीय. पाईप पॅनलपासून टाकीपर्यंत सलग चढता करून घेतला, संध्याकाळपर्यंत पाणी कडक.

आणि हो, टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या टोकापेक्षा फूटभर तरी उंच ठेव, नाहीतर रात्री पॅनल गार पडतं, चक्र उलटं फिरतं आणि दिवसभर तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत कोमट.