वक्त्यांचा परिचय करून द्यायला उठण्याआधीचं ते एक मिनिट

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत वक्त्यांची ओळख मी करून देणार आहे. दोन मिनिटांचंच बोलायचंय आणि ते पाठ झालंय. पण माझं नाव पुकारायच्या आधी छाती धडधडायला लागते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. त्या एका मिनिटात नेमकं काय करू?

उत्तर : त्या मिनिटात भीती घालवायच्या मागे लागू नका, ती जाणार नाही. धडधड सर्वांत जास्त असते ती उठण्याच्या सुमाराला आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत. बोलणं सुरू झालं की बहुतेकांची ती आपोआप उतरायला लागते. म्हणजे दोन मिनिटं सांभाळायची नसून तुम्हाला पहिली वीसेक सेकंद पार करायची आहेत. शेवटच्या मिनिटात जे काही करायचं ते तेवढ्यासाठीच.

सुरुवात श्वासापासून. "खोल श्वास घे" असं सगळेच सांगतात, आणि मग माणूस भराभरा छाती भरून श्वास घेत सुटतो. त्याने उलटंच होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोकं हलकं वाटतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि आता आपल्याला चक्करच येणार असं वाटून भीती दुप्पट होते. आत घेण्यापेक्षा श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर जाताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने साधाच श्वास घ्या, मनात चार मोजा, आणि ओठ जरासे उघडे ठेवून सहा-सात मोजेपर्यंत सावकाश सोडा. असे चार-पाच श्वास पुरेत. शेजारच्याला कळतही नाही. मुंग्या आल्याच तर मोजणं सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या, थोड्या वेळात त्या जातात.

तेवढ्यात पाय बघा. एकावर एक टाकलेले असतील तर खाली घ्या, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा आणि खुर्चीच्या पुढच्या भागावर बसा. पाय दुमडून बसलेल्या माणसाला नाव पुकारल्यावर उठताना पायाला मुंग्या आल्याचं कळतं, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या तिथेच असतात. हातांची थरथर अॅड्रेनलिनची आहे, दटावून ती थांबत नाही. मुठी पाच सेकंद घट्ट आवळा आणि सोडा, असं दोनदा करा. जोर वापरला गेला की थरथर थोडी उतरते. तोंड कोरडं पडलं असेल तर कोमट पाण्याचा एक घोट पुरतो. पाणी नसेल तर जीभ दातांच्या आतल्या बाजूने फिरवा, लाळ सुटते. खडीसाखर किंवा लवंग तोंडात धरायची सवय असेल तर ती या मिनिटाच्या आधीच संपू द्या.

आता या मिनिटात न करायची गोष्ट. संपूर्ण परिचय मनात पुन्हा म्हणून बघू नका. घाई आणि धडधड यांच्यात तो हमखास कुठेतरी अडतो, आणि "विसरलो" ही भावना घेऊनच माणूस माइकपाशी जातो. मनात फक्त पहिलं वाक्य ठेवा. ते कसं असावं याबद्दल माझं मत ठाम आहे.

आपल्याकडे परिचयाची सुरुवात अशी होते : "व्यासपीठावर उपस्थित आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय अमुक, प्रमुख पाहुणे माननीय तमुक, वाचनालयाचे कार्याध्यक्ष, कार्यवाह..." आवाज सर्वांत जास्त कापतो तेव्हा, एकाच दमात, पाच नावं आणि पाच पदं. श्वास तिथेच संपतो, एखादं नाव तिथेच निसटतं, आणि सुटलेलं नाव पहिल्या रांगेत बसलेलं असतं. ही नावं सूत्रसंचालकांनी आधीच घेतलेली असतात. तुम्ही "मान्यवर आणि रसिक श्रोतेहो" एवढंच म्हणा आणि थेट वक्त्यांच्या कामावर या.

समजा वक्ते भूजलाचे अभ्यासक आहेत. "आजचे आपले वक्ते मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी मोजतात." एका श्वासात मावणारं, जोडाक्षरं फारशी नसलेलं, आणि ऐकणाऱ्याची मान वर येईल असं वाक्य. शिक्षण, पदं, पुरस्कार यांतलं निवडक नंतर येऊ दे. नाव मात्र शेवटी घ्या : "...मी विनंती करते," आणि मग पूर्ण नाव. तोवर तुमचा आवाज जागेवर आलेला असतो, नाव स्वच्छ उमटतं आणि टाळ्याही योग्य जागी पडतात. आडनावाचा उच्चार आधीच खुद्द वक्त्यांना विचारून ठेवा. "आपलं नाव कसं घेऊ?" असं विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जे बोललं जातं, ते आपल्या डोक्यात नीट शिरतच नाही. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली हे प्रयोगातून दाखवलं. गोल बसून पाळीपाळीने शब्द वाचणाऱ्यांना, स्वतःच्या पाळीच्या लगेच आधी वाचलेले शब्द सर्वांत कमी आठवत होते. म्हणून "आत्ताच आपण ऐकलं त्याप्रमाणे" असा धागा जोडायचं आयत्या वेळी ठरवू नका, तुम्ही ते ऐकलेलंच नसेल. आणि तुमच्या परिचयातली एखादी गोष्ट सूत्रसंचालकच सांगून टाकण्याची शक्यता असते, तेव्हा त्यांच्याशी कार्यक्रमाआधीच बोलून घ्या.

कागदाचंही सांगते. आमच्या वाचनालयात एक कॉलेजची मुलगी पहिल्यांदा परिचय करून देणार होती. हातात ए-फोर आकाराचं पान होतं. तालमीतच पान थरथरायला लागलं, त्याची फडफड माइकमधून ऐकू आली, आणि ती ऐकून तिचा आवाज आणखी बारीक झाला. आम्ही तिला पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड दिलं. त्यावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी : पहिलं वाक्य, मधले चार शब्द आणि वक्त्यांचं पूर्ण नाव. हात तेवढाच थरथरत होता, पण जाड कार्डावर ते दिसत नव्हतं, आणि पोडियमवर हात टेकवल्यावर तर अजिबात नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तिने नाव कार्डावर बघून घेतलं. ते कुणाला खटकलं नाही.

आतली धडधड बाहेर दिसते असं आपल्याला वाटतं, पण तेवढी ती दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली केलेल्या अभ्यासात हेच आढळलं. बोलणाऱ्यांना आपण जितके घाबरलेले दिसतो असं वाटत होतं, तितके ते ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते. ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली, ते बोललेही अधिक चांगलं. म्हणून "मी जरा घाबरलेय, सांभाळून घ्या" असं सुरुवातीला म्हणू नका. त्या वाक्यानेच लोक तुमचे हात बघायला लागतात.

नाव पुकारलं की एक लांब श्वास सोडा आणि मगच उठा. टाळ्या चालू असताना नेहमीच्या चालीने चाला. माइक तुमच्या उंचीला नसेल तर आधी तो नीट करून घ्या, वाकून बोललात तर श्वास अडतो. कार्ड ठेवा, मागच्या रांगेतल्या एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बघा आणि पहिलं वाक्य तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडं सावकाश बोला. त्यानंतर क्षणभर थांबा, पुढचा श्वास तिथे घ्यायचा आहे.