वरच्या मजल्यावरचा ब्रेकर आणि खालचं भाडं

*ताई, कोथरूडला भाड्याने राहतो, भाडं २२,००० रुपये. वरचा फ्लॅट घरमालक काकांचाच. तिथे महिनाभर फरशा फोडणं चाललंय, अजून दोन महिने काम आहे म्हणे. मी घरून काम करते, आठ महिन्यांचं बाळ दुपारी झोपतच नाही. नवरा म्हणतो, पुढच्या महिन्याला पाच हजार कापूनच देऊ. काकांशी वाईटपणा नकोय. काय करू?*

अगं, नवऱ्याला आधी थांबव. तुमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असणार. आवाज होतो म्हणून भाडं आपोआप कमी होत नाही. परस्पर कापलंत की ती थकबाकी ठरते, आणि तुमचं डिपॉझिट काकांच्याच हातात आहे. भाडं कमी होईल ते त्यांनी ‘हो’ म्हटल्यावरच.

पण मागणी रास्त आहे, फक्त ती हिशोबाने कर. आठवडाभर वहीत लिही: मशीन किती वाजता सुरू झाली, कधी थांबली, बाळ किती वेळा दचकून उठलं. मग काकांना विचार, तोडफोड कधी संपणार? खरा त्रास ब्रेकरचा, त्याखालोखाल टाइल कटरचा. रंगकामात आवाज जवळपास नसतोच, म्हणून दोन्ही महिन्यांना सारखीच सवलत मागू नकोस. समज, तोडफोडीचे १५ दिवस उरलेत आणि बाहेर बसून काम करायला तुला दिवसाला ३०० रुपये पडतात. म्हणजे ४,५०० झाले. तेवढे या महिन्यात माग, फरशी बसवण्याच्या महिन्यात दोन हजार, रंगकाम लांबलं तर तेव्हा पूर्ण भाडं. असा आकडा काकांना पडताळून पाहता येतो.

बोलायला संध्याकाळी जा, काम थांबल्यावर. “काका, काम तुम्हाला करायलाच हवं, पण दुपारी एक ते साडेतीन मशीन बंद ठेवता येईल का?” हे पैशाच्या आधी विचार. माझ्या मते बाळासाठी तेच जास्त मोलाचं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. दुपारसाठी मात्र सोसायटीचे नियमच कामी येतात. सेक्रेटरींना विचार, बऱ्याच ठिकाणी दुपारी काम बंद ठेवायचा ठराव असतो.

काका तयार झाले की त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर लिही: “ठरल्याप्रमाणे या महिन्यात १७,५०० आणि पुढच्या महिन्यात २०,००० भाडं देऊ. उरलेली रक्कम थकबाकी धरली जाणार नाही. त्यानंतर पूर्ववत २२,०००.” त्यांचं उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नकोस, पण भाड्याची तारीखही चुकवू नकोस. तारीख आली आणि उत्तर नसेल तर पूर्ण भाडं भर आणि सवलत पुढच्या महिन्यात वळती करायला सांग. एचआरए घेत असाल तर पावती प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचीच घ्या.

आणि काका ‘नाही’ म्हणाले तर लॉक-इन माफ करायला सांग, म्हणजे नोटीस देऊन दंडाशिवाय घर सोडता येईल. तेही लेखीच घे.