वहिनीला छळणारा शनी मलाही छळणार का?

"काका, माझी गुरूची महादशा संपून शनीची १९ वर्षं सुरू होणारेत. शनीत वहिनीचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत. गुरू उच्चीचा असून माझे एवढे हाल झाले, मग शनी तर काय ठेवेल?"

जुळे सोलापुरातून आलेली ही ताई, १९९१ चा जन्म, हातात पुष्कराज. तूळ लग्न २ अंशांवर होतं म्हणून मी आधी जन्मवेळच पक्की करून घेतली, कारण दहा-बारा मिनिटं अलीकडे गेलं की कन्या लग्न येतं आणि सगळा हिशोबच बदलतो. घरच्यांनी सांगितलेली वेळ अंदाजाची असते बऱ्याचदा. हिच्याकडे दवाखान्याचा कागद होता, वेळ जुळली.

मग वहिनीची पत्रिका शेजारी ठेवली. वहिनीचं लग्न कर्क. तिथून मोजलं की मकर सातवं घर आणि कुंभ आठवं, म्हणजे शनी तिला मारकेश आणि अष्टमेश, दोन्ही त्रास देणाऱ्या मालक्या, त्याच दशेत ऑपरेशन झालं, नवऱ्याच्या धंद्यात ओढाताण झाली. ताईला म्हटलं आता तुमच्या तुळेपासून मोजा. मकर चौथं, कुंभ पाचवं. एक केंद्र, एक त्रिकोण, दोन्हींचा मालक एकच, याला योगकारक म्हणतात, तूळ लग्नाला शनीइतका जवळचा ग्रह दुसरा नाही. शिवाय तिचा शनी मकरेतच, स्वतःच्या घरात बसलेला.

आणि गुरू? कर्क लग्नाला तो भाग्येश, सहावं घरही त्याचंच पण नववं वरचढ ठरतं, म्हणून वहिनीची गुरूची दशा छान गेली होती, हे ताईनेच सांगितलं. तूळ लग्नाला मात्र तो तिसऱ्या आणि सहाव्या घराचा मालक, सहावं म्हणजे कर्ज, आजार, भांडण. उच्चीचा असला म्हणून मालकी बदलत नाही हो, उच्चीमुळे ताकद वाढते, आणि ती ताकद सहाव्याचीच. हिचा गुरू कर्केत दहाव्यात, नोकरी टिकली, पण त्याची सातवी दृष्टी थेट चौथ्या घरावर, आणि याच दशेत फ्लॅटचं लोन डोक्यावर बसलं. गुरू शुभच म्हणून कुणी त्याच्याकडे संशयानं बघितलंच नाही, उलट पुष्कराज घालून त्यालाच जोर दिला! तो मी काढायला सांगितला. काही ज्योतिषी राहू द्या म्हणतील, पण षष्ठेशाचं रत्न मी तरी कुणाला देत नाही.

शनी सोनं देईल असं मात्र मी बोललो नाही. गुरू-शनी समोरासमोर आहेत, त्यामुळे कर्जाचा विषय लगेच सुटणार नाही, शिवाय नवमांशात शनी फार बलवान नाही. पहिली तीन वर्षं शनीत शनीचीच अंतर्दशा, तेवढ्यात नवीन लोन नको, जे आहे ते हळूहळू फेडा, असं सांगितलं. ताईने तिथेच अंगठी काढून पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "मग वहिनीचा शनी किती राहिलाय?"

मोजला. चार वर्षं.