घराचा हाताने काढलेला नकाशा एआयवर टाकून फक्त 'दिसतंय का?' असं विचारलं. 'हो' असं उत्तर आलं. एवढ्यावर भरवसा ठेवू का?

नका ठेवू. फोटो पोहोचलाच नसला तरी हे 'हो' येऊ शकतं आणि पुढे वर्णनही येऊ शकतं: हॉल, दोन बेडरूम, किचन, बाथरूम. घरांत बहुतेक हेच असतं, त्यामुळे अंदाज सहज जुळतो. फाइलचं नाव gharacha_plan.jpg असेल तर तेवढ्यावरूनही अंदाज बांधता येतो. म्हणून आधी नाव बदलून 1.jpg करा.

खरी परीक्षा घ्यायची तर नकाशात अंदाजाने सांगता येणार नाही असं काहीतरी मुद्दाम ठेवा. मी किचनचं दार हॉलऐवजी बेडरूममध्ये उघडणारं काढलं, हॉलला खिडकी दिली नाही आणि डाव्या कोपऱ्यात ४७ हा आकडा लिहिला. मग यातलं काहीही न सुचवता विचारलं, "प्रत्येक दार कोणत्या दोन खोल्यांच्या मध्ये आहे? खोल्यांव्यतिरिक्त कागदावर काय लिहिलंय?"

४७ बरोबर आला, म्हणजे फोटो नक्की पोहोचला होता. पण किचनचं दार त्याने हॉलमध्येच उघडवलं. अक्षरं वाचणं आणि कोणती रेष कुठे जोडली आहे हे ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात ही साधनं बरीच कच्ची आहेत. जिथे नीट दिसत नाही तिथे ती नेहमीच्या घराची रचना भरून टाकतात.

मापांचंही तसंच. माझ्या नकाशात वरच्या भिंतीलगत १०, ४ आणि १२ फूट अशी तीन मापं होती आणि बाहेर एकूण २६. त्याने १२ चे १७ वाचले. बेरीज ३१ झाली, तरी त्याने स्वतःहून काही हरकत घेतली नाही. तेव्हा आधी मापं एकेक करून लिहून घ्या आणि बेरीज स्वतः करा. बेरीज जुळली नाही तर एकेक आकडा कागदाशी ताडून पाहा, चूक कुठे आहे ते लगेच सापडतं.

माझ्या नकाशात मुख्य दोष पेन्सिलीचा होता. मोठा फोटो बहुतेक वेळा आतल्या आत लहान केला जातो आणि फिकट रेषा, बारीक आकडे त्यात विरून जातात. मी काळ्या पेनाने गिरवलं, टेबलाचा भाग कापून फक्त कागद ठेवला आणि आकडे मोठे केले. या वेळी १२ बरोबर आले. दार मात्र तेव्हाही चुकलं. शेवटी किचन आणि बेडरूमच्या मधली भिंत तेवढीच जवळून टिपून वेगळा फोटो दिला, तेव्हा ते बरोबर सांगितलं.

स्कॅन केलेली पीडीएफ टाकणार असाल तर जपून. काही ठिकाणी पीडीएफमधला फक्त मजकूर उचलला जातो आणि हाताने काढलेल्या पानात तसा मजकूर नसतोच. त्यापेक्षा सरळ फोटोच टाका.