लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, तरी सकाळी थेंब का येतो?

प्रश्न : वय 31. संबंधानंतर चौथ्या दिवशी लघवीला आग सुरू झाली, चड्डीला घट्ट पिवळे डाग पडायला लागले. मेडिकलमधून सेफिक्झिमच्या गोळ्या आणून तीन दिवस घेतल्या, पू थांबला. आता तिसरा आठवडा आहे. सकाळी उठल्यावर टोकाशी पाण्यासारखा एक थेंब येतो, थोडी चुरचुर होते. लघवीचं कल्चर केलं, 'वाढ नाही' असं आलं. मग हे काय आहे?

तुमच्या तारखा लावून पाहिल्या की उत्तर बरंचसं त्यातच सापडतं. संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत, घट्ट पिवळा पू आणि जोराची आग, ही परम्याची, म्हणजे गोनोरियाची नेहमीची चाल. क्लॅमिडिया त्यापेक्षा सावकाश चालतो. त्याला दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि स्राव आला तर पातळ, पांढुरका किंवा पाण्यासारखा येतो. एकाच संबंधातून दोन्ही जंतू एकदम येणं अगदी नेहमीचं आहे. सेफिक्झिमने परम्याचा जोर मोडला असावा, पण क्लॅमिडियावर त्या गटातल्या औषधांचा भरवसा धरता येत नाही. पहिला पाहुणा गेला आणि मागच्या दाराने आलेला दुसरा आता दिसायला लागला, असं तुमच्या बाबतीत झालेलं दिसतं. अर्थात हा माझा अंदाज आहे. स्रावाचा रंग पाहून जंतू ओळखता येतो असं मी म्हणणार नाही, कारण त्यात अनुभवी डॉक्टरही चुकतात.

आता कल्चरबद्दल. त्यासाठी तुम्ही बहुधा मधल्या धारेची लघवी दिली असणार, कारण लॅबमध्ये तसंच सांगतात. मूत्राशयाचा संसर्ग शोधायला ते बरोबरच आहे. पण हे जंतू मूत्राशयात नसतात, मूत्रनलिकेच्या अस्तराला चिकटून बसलेले असतात. पहिल्या धारेत ते धुऊन बाहेर येतात आणि नेमकी तीच धार तुम्ही सोडून दिलीत. शिवाय क्लॅमिडिया जिवंत पेशीच्या आत वाढतो, त्यामुळे कल्चरच्या नेहमीच्या ताटलीत तो वाढतच नाही. परम्याच्या जंतूलाही खास माध्यम लागतं. म्हणजे 'वाढ नाही' हा रिपोर्ट खरा आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

तुम्हाला लागते ती तपासणी म्हणजे पहिल्या धारेच्या लघवीची पीसीआर. तिलाच न्यूक्लिक अॅसिड अॅम्प्लिफिकेशन टेस्ट म्हणतात. नमुना द्यायची रीत साधी आहे, पण नेमकी पाळावी लागते. आधी निदान एक तास, जमलं तर दोन तास, लघवीला जायचं नाही. टोक पुसून किंवा धुऊन घ्यायचं नाही. बाटलीत फक्त सुरुवातीची 20 ते 30 मिलिलीटर धरायची आणि उरलेली कमोडमध्ये सोडायची. माझ्याकडे निम्मे पेशंट टेन्शनमुळे तपासणीच्या पाच मिनिटं आधी बाथरूमला जाऊन येतात. मग त्यांना दोन तास बसवून ठेवण्याशिवाय इलाज नसतो. बाटली काठोकाठ भरून आणणारेही असतात. नमुना जास्त दिला म्हणजे चांगला, असं इथे नाही, कारण तितकाच तो पातळ होतो.

घरी एक गोष्ट पाहून ठेवता येईल. सकाळची पहिली लघवी दोन काचेच्या ग्लासांत धरा, पहिल्यात सुरुवातीची थोडी आणि दुसऱ्यात बाकीची. उजेडात धरल्यावर पहिला ग्लास गढूळ दिसला किंवा त्यात बारीक दोऱ्यासारखे तंतू तरंगताना दिसले आणि दुसरा स्वच्छ असला, तर सूज मूत्रनलिकेतच आहे असं समजायला जागा आहे. जंतू कोणता ते यातून कळत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

स्राव दिसत असेल तर दवाखान्यात त्याची काचपट्टीही करतात. पूपेशींच्या आत कॉफीच्या बियांसारखे जोडीजोडीने बसलेले जंतू दिसले तर परमा समजतात. नुसत्याच पूपेशी दिसल्या तर दुसरं कारण शोधायचं. परम्याला सेफ्ट्रिअॅक्झोनचं एक इंजेक्शन देतात, 500 मिलिग्रॅम किंवा 1 ग्रॅम, डॉक्टर ज्या नियमावलीने चालतात त्याप्रमाणे. क्लॅमिडियाला डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. एवढं करूनही थेंब राहिला तर मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमची तपासणी करून घ्या. त्या जंतूला पेशीभित्तीच नसते, त्यामुळे पेनिसिलिन किंवा सेफिक्झिमसारखी भित्तीवर काम करणारी औषधं त्याला शिवतही नाहीत.

पूर्ण उपचारानंतर पीसीआर लगेच करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनए तीन-चार आठवडे सापडत राहतो आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो. तीन महिन्यांनी मात्र एकदा कराच, कारण पुन्हा संसर्ग होणं सर्रास घडतं. आणि मधेच एका बाजूचा अंड सुजून दुखायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. संसर्ग तिथवर पोहोचला असेल किंवा अंडाला पीळ पडला असेल. पीळ पडला असेल तर तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी लिंगावर एक जखम झाली होती. दुखत नव्हती. तिसऱ्या दिवशी व्हीडीआरएल केली, निगेटिव्ह आली. मलम लावलं, महिन्याभरात जखम गेली. आता तळहातावर तांबूस ठिपके आलेत, खाज नाही. याचा त्याच्याशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि आजच रक्त द्या. न दुखणारी, कडा टणक लागणारी, एकटीच असलेली जखम हे सिफिलिसचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्याचं, पहिलं रूप असतं. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती येते, कधी दहा दिवसांत, तर कधी नव्वद दिवसांनी. आणि तीन ते सहा आठवड्यांत काहीही न लावता बरी होते. मलमाचा त्यात काही वाटा नव्हता. जंतू तोवर रक्तातून अंगभर गेलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत पुरळ येतं, आणि ते तळहात-तळपायांवर उठणं ही त्याची मोठी खूण. इतर बहुतेक पुरळ त्या जागा सोडून देतात.

व्हीडीआरएल निगेटिव्ह का आली? ही तपासणी जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला जखम दिसल्यापासूनही एक ते चार आठवडे लागू शकतात. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात. लॅबची चूक नव्हती, तुम्ही लवकर गेलात एवढंच. त्या वेळी जखमेतल्या द्रवातून जंतू शोधता आला असता.

आता व्हीडीआरएल किंवा तशीच असलेली आरपीआर 'टायटर'सकट, म्हणजे रक्त किती पट पातळ केल्यावरही ती पॉझिटिव्ह येते त्या आकड्यासकट, मागा आणि सोबत खास सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी टीपीएचए करा. या टप्प्यात कधीकधी प्रतिद्रव्यं इतकी जास्त असतात की पातळ न केलेल्या रक्तात ती तपासणीच फसते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. डॉक्टरांना ठिपके दाखवलेत तर नमुना पातळ करून पुन्हा बघायला ते लॅबला सांगतील.

निदान पक्कं झालं तर या टप्प्याला बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिट एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. पहिल्या चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. जंतू एकदम मरतात त्याची ती प्रतिक्रिया असते, तिला घाबरून जाऊ नका. त्यानंतर सहा आणि बारा महिन्यांनी टायटर पाहायचा. समजा आज 1:64 आला, तर तो 1:16 किंवा त्याखाली यायला हवा. टीपीएचए मात्र बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. ती पाहून पुन्हा पुन्हा उपचार घेणारे मला भेटलेत, त्याची गरज नसते. डोळ्यांना अंधुक दिसणं, कानात आवाज किंवा सतत डोकेदुखी असेल तर हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा, उपचार वेगळा लागतो. आणि एचआयव्हीची तपासणी सोबतच करून टाका.

प्रश्न : दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी बारीक पाण्याचे फोड येतात, फुटून झोंबतात, आठवड्यात जातात. लग्नाला सहा वर्षं झाली, आम्ही दोघंही एकमेकांशी प्रामाणिक आहोत. मग हे आलं कुठून?

वर्णन हर्पिसचं आहे. या विषाणूची खोड अशी की तो मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन झोपतो आणि वर्षानुवर्षं तिथे राहतो. संसर्ग लग्नाआधीचा असू शकतो. ओठांवर 'जर' उठतो तो विषाणूही मुखमैथुनातून लिंगावर येतो. त्यामुळे आज फोड आला म्हणून कोणी आज चुकलं असं नाही.

पुढचा फोड आल्या आल्या, फुटायच्या आत, स्वॅब देऊन पीसीआर करून घ्या. खपली धरल्यावर त्यात विषाणू सापडण्याची शक्यता घटते. गोळ्यांनी त्रास आटोक्यात येतो, विषाणू जात नाही. फोड असताना, आणि त्याआधी जी मुंग्या आल्यासारखी चाहूल लागते तेव्हाही, संबंध टाळा. पत्नी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

प्रश्न : पत्नी तीन महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत तिला क्लॅमिडिया निघाला. मला काहीच त्रास नाही. मलाही गोळ्या घ्याव्या लागतील? आणि हा नक्की कोणाकडून आला?

हो, घ्याव्या लागतील. क्लॅमिडिया असलेल्या बऱ्याच पुरुषांना काहीही जाणवत नाही, त्यामुळे 'त्रास नाही' यावरून काही ठरत नाही. नमुना द्या, पण रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवू नका. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्या आणि दोघांचा शेवटचा डोस होईपर्यंत, एक डोसचा उपचार असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध टाळा. तुम्ही मागे राहिलात तर तिला तो पुन्हा होईल आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत किंवा फुप्फुसात जाऊ शकेल. गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, तिला बहुधा अॅझिथ्रोमायसिन दिलं जाईल. तुमची गोळी तिला देऊ नका.

कोणाकडून, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. उपचार न घेतलेला क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहतो, रिपोर्टवर त्याची जन्मतारीख नसते.

प्रश्न : दोन महिन्यांत पाच वेळा सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह. तरी टोकाशी जळजळ आहे. रोज दहा-बारा वेळा दाबून बघतो, कधीकधी ओलसर काहीतरी येतं.

आधी दाबून बघणं थांबवा. रोज पिळून पाहिल्याने मूत्रनलिकेला सूज येते, ओलावा येतो, मग तोच पाहून तुम्ही पुन्हा दाबता. तीन आठवडे हात लावू नका, त्या भागावर साबण किंवा डेटॉल घालू नका, नुसत्या पाण्याने धुवा. मग पाहू. कातडीखाली पांढरट थर आणि लाली असेल तर रक्तातली साखर तपासा, कारण मधुमेहात तिथे बुरशी होते आणि ती लैंगिक आजारात मोडत नाही. एचआयव्हीसाठी चौथ्या पिढीची तपासणी संबंधानंतर 45 दिवस उलटल्यावर निगेटिव्ह आली असेल आणि मधे नवा संबंध आला नसेल, तर सहावी तपासणी करू नका.