कम्पॅनियन, कंपनी आणि आपला पाव

प्रश्न: मुलगी इंग्रजी शब्द पाठ करतेय. क्वारंटाइन, मसल, कम्पॅनियन, सॅबोटाज यांच्या जन्मकथा वाचल्या आणि ते चटकन लक्षात राहिले म्हणते. पण या गोष्टी खऱ्या असतात का?
– एक पालक, अंधेरी

तीन खऱ्या, चौथीत भेसळ. पाठांतराला सगळ्यात कामाचा कम्पॅनियन, निदान मुंबईकराला तरी.

लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. ज्याच्यासोबत पाव खायचा तो कम्पॅनियन. याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांचा पाव आला आणि त्यांच्याकडून आपला. म्हणजे वड्याखालचा पाव आणि कम्पॅनियन एकाच घराण्यातले! कंपनीही तिथलीच. 'चल, चहाला कंपनी दे' यातला सोबतीचा अर्थ जुना, शेअर बाजारातली कंपनी नंतरची. ऑफिसातली पॅन्ट्री ही मुळात पाव ठेवायची खोली. मुलीला 'कम-पॅन' असं फोडून म्हणायला सांगा, एका पावावर तीन शब्द पदरात पडतील. मात्र 'पॅन' दिसला की पाव असं नाही. पॅनोरमातला 'पॅन' ग्रीक, त्याचा अर्थ 'सगळं'. पॅनिक आलंय पॅन नावाच्या ग्रीक देवावरून. तेव्हा तुकडा सापडला तरी अर्थ जुळतो का, ते बघायचंच.

मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याला तिथे बेडूक दिसला, म्हणून बेडकुळी. लॅटिनचा 'मूस' आणि आपला मूषक हे तर सख्खे चुलत.

क्वारंटाइनमध्ये व्हेनिसच्या बोलीतला चाळीस आहे. रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, इथे 1377 मध्ये प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायचा नियम झाला. पुढे मुदत चाळीस दिवसांवर गेली आणि नाव त्या आकड्याचं पडलं. कोविडमध्ये चौदा दिवस बसवलं तरी शब्द तोच राहिला. गोष्ट शब्द आठवून देते, आजचा अर्थ कोशातच बघावा लागतो.

आता सॅबोटाज. चिडलेल्या कामगारांनी यंत्रात लाकडी बूट फेकले, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला पुरावा नाही. 'साबो' म्हणजे लाकडी बूट हे खरं. त्यावरून फ्रेंचमध्ये 'साबोते' म्हणजे बूट खटखटवत चालणं, आणि मग काम धसमुसळेपणाने उरकणं. 1897 मध्ये तुलूझच्या कामगार परिषदेत मालकाला नमवण्यासाठी मुद्दाम संथ, वाईट काम करायचा डावपेच याच नावाने मांडला गेला.

लक्षात राहायला खोटी गोष्टही चालते, पण इथे ती अर्थ बिघडवते. यंत्राची मोडतोड म्हणजेच सॅबोटाज असं डोक्यात बसतं आणि वाटाघाटी सॅबोटाज केल्या म्हटलं की पोरं गोंधळतात. त्यापेक्षा तिला खडावा घालून स्वयंपाकघरात मुद्दाम खटखट करत, भांडी पाडत फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणायला सांगा.