८२.५ टक्के बरोबर, पण कशाच्या तुलनेत?

*सर, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.एस्सी. केलं, विषय संख्याशास्त्र. एका कंपनीने मुलाखतीआधी एक काम दिलंय. ग्राहक मदतीसाठी लिहितो तेव्हा त्यांचा चॅटबॉट बोलण्यावरून ओळखतो की समोरचा अँड्रॉइडवर आहे, आयफोनवर की कॉम्प्युटरवर. अशा २०० चॅटची शीट दिली आहे, त्यात खरं उपकरण आणि बॉटचा अंदाज असे दोन रकाने आहेत. नावं-नंबर काढलेले आहेत आणि शीट कुणालाही दाखवायला परवानगी आहे, म्हणून सोबत जोडते. बॉट कितपत बरोबर ते काढायचंय. मी १६५ भागिले २०० केलं, ८२.५ टक्के आलं. एवढंच पाठवू का? आणि या कामात पुढे नोकरी आहे का? बाबा म्हणतात बी.एड. कर.*

भागाकार बरोबर आहे, पण एवढंच पाठवू नकोस. त्या एका आकड्यावरून बॉट काही ओळखतो की नाही, हेच कळत नाही.

आधी शीटची पिव्होट टेबल कर. उभ्या बाजूला खरं उपकरण, आडव्या बाजूला अंदाज. तुझ्या शीटमधून असं निघतं:

| खरं उपकरण | अंदाज: अँड्रॉइड | अंदाज: आयफोन | अंदाज: कॉम्प्युटर | एकूण |
|---|---|---|---|---|
| अँड्रॉइड | १४१ | ३ | ६ | १५० |
| आयफोन | १२ | ७ | १ | २० |
| कॉम्प्युटर | १३ | ० | १७ | ३० |

शेवटचा रकाना बघ. दोनशेतले दीडशे जण अँड्रॉइडवरच आहेत. म्हणजे एक अक्षरही न वाचता प्रत्येक चॅटला डोळे झाकून ‘अँड्रॉइड’ म्हणणारा माणूसही ७५ टक्के बरोबर ठरला असता. बॉटचे ८२.५ टक्के या ७५ शेजारी ठेवूनच वाचायचे. शिवाय नमुना दोनशेचाच आहे. विल्सनच्या सूत्राने ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल, म्हणजे खरी टक्केवारी कुठून कुठपर्यंत असू शकते तो पट्टा, काढलास तर तो साधारण ७७ ते ८७ येतो. खालची कड ७५ च्या अगदी जवळ आहे, तेव्हा बॉट डोळे झाकलेल्या माणसापेक्षा सरस आहे, पण किती सरस हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आता आयफोनची ओळ. वीस आयफोनवाल्यांपैकी बॉटने सातच ओळखले, म्हणजे ३५ टक्के. बाराजणांना त्याने अँड्रॉइडवाले ठरवलं. त्यातल्या एखाद्याचं अ‍ॅप अडकलं असेल तर बॉट त्याला सांगणार, सेटिंगमध्ये जाऊन `Clear cache` दाबा. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये ते बटण असतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी तसं बटणच नाही, तिथे अ‍ॅप ऑफलोड करावं लागतं किंवा काढून पुन्हा टाकावं लागतं. तो बिचारा नसलेलं बटण शोधत बसतो. अंदाज चुकण्याची खरी किंमत ही आहे, आणि एकूण टक्केवारीत ती दिसत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाचं दोन बाजूंनी माप दे. खरे आयफोनवाले वीस, त्यातले ओळखले सात. आणि बॉट दहा वेळा ‘आयफोन’ म्हणाला, त्यातला खरा ठरला सात वेळा. पहिल्याला रिकॉल म्हणतात, दुसऱ्याला प्रिसिजन. दोन्ही लिही आणि शेजारी मूळ आकडेही लिही, कारण विसातले सात म्हणजे अंतराल १८ ते ५७ टक्के इतका ऐसपैस होतो. नुसतं ‘३५ टक्के’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला तो आकडा पक्का वाटेल.

हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण तुझ्या शीटमध्ये एक रकाना मुळातच नाही, आणि सगळं तिथेच अडलं आहे. बॉटने अंदाज बोलण्यावरून करायचा आहे ना? मग बोलण्यात उपकरणाची काही खूण होती का, याचं लेबल कुठे आहे? ‘पैसे कापले गेले पण पावती आली नाही’ एवढंच कुणी लिहिलं असेल तर त्यावरून फोन कोणता हे तू, मी, कुणीच सांगू शकत नाही. तिथे बॉट बरोबर आला तरी त्याने ओळखलं असं होत नाही.

म्हणून मी आणि माझी एक सहकारी, जिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, अशा दोघांनी तुझ्या चॅट वेगवेगळ्या बसून वाचल्या. खरं उपकरण आणि बॉटचा अंदाज हे दोन्ही रकाने आधी लपवले. हे फार महत्त्वाचं आहे. समोर ‘आयफोन’ लिहिलेलं दिसलं की प्रत्येक वाक्यात आयफोनच दिसायला लागतो. प्रत्येक चॅटला फक्त ‘खूण आहे’ किंवा ‘खूण नाही’ एवढंच लिहायचं होतं. १८० चॅटवर आमचं एकमत झालं. आपापल्या सवयीने लिहितानाही काही लेबलं योगायोगाने जुळतातच, तो भाग वजा करून मोजणाऱ्या कोहेनच्या कप्पाची किंमत सुमारे ०.८ आली. या कामाला ती चांगली आहे. उरलेल्या वीस चॅट एकत्र बसून सोडवल्या. शेवटी खूण असलेल्या ११०, नसलेल्या ९०.

मग बॉटचे अंदाज उघडले. खूण असलेल्या ११० पैकी ९९ बरोबर, म्हणजे ९० टक्के. खूण नसलेल्या ९० मध्ये त्याने एकूण एक ठिकाणी ‘अँड्रॉइड’ म्हटलंय. त्यातले ६६ जुळले, कारण तेवढे लोक खरोखर अँड्रॉइडवर होते. डोळे झाकलेला माणूसही इथे बरोबर तेवढेच गुण मिळवतो. तुझ्या १६५ मधले हे ६६ बॉटच्या वाचण्याचे नाहीत, अँड्रॉइडच्या बहुसंख्येचे आहेत.

तुझ्या अहवालाचा कणा हाच ठेव. खूण असेल तिथे बॉट चांगला वाचतो. खूण नसेल तिथे गप्प राहायचं सोडून बोलतो. ‘माहीत नाही’ हे चौथं उत्तर त्याला द्यायला हवं, म्हणजे त्या ९० जणांना तो सरळ विचारेल, ‘मोबाइल अँड्रॉइड आहे की आयफोन, की कॉम्प्युटरवर बघताय?’ तशी व्यवस्था झाल्यावर दोन आकडे वेगवेगळे द्यावे लागतील: किती चॅटमध्ये त्याने अंदाज केला आणि केलेल्यांतले किती बरोबर. इथे ते ५५ टक्के आणि ९० टक्के. एकटा दुसरा आकडा देणं म्हणजे फसवणूकच, कारण दहाच सोप्या चॅटना उत्तर देणारा बॉटही शंभर टक्के दाखवू शकतो.

खूण असून चुकलेल्या अकरा चॅट एकेक करून वाच. नऊ ठिकाणी माणूस खरा अँड्रॉइडवर आहे. तिघांनी ‘अ‍ॅप स्टोअरवरून घेतलं’ असं लिहिलंय, म्हणून बॉटने आयफोन ठरवला. पण आपल्याकडे कितीतरी लोक प्ले स्टोअरलाच अ‍ॅप स्टोअर म्हणतात. सहाजणांनी प्रिंट किंवा पीडीएफचा विषय काढला आणि बॉटने कॉम्प्युटर ठरवला. मोबाइलवर पीडीएफ उतरवून दुकानात प्रिंट काढणं ही तर इथली रोजची गोष्ट आहे. या दोन कारणांसाठी अहवालात एक परिच्छेद दे, प्रत्येकाचं एक वाक्य उदाहरण म्हणून घे. कंपनीला दुरुस्ती कुठे करायची ते टक्क्यांपेक्षा या वाक्यांतून जास्त कळेल.

आता ‘खरं उपकरण’ या रकान्याबद्दल. तो लॉगिनच्या नोंदीवरून भरलेला दिसतो, म्हणजे चॅट ज्यावरून लिहिली ते उपकरण. पण पुण्यात नोकरी करणारा मुलगा स्वतःच्या आयफोनवरून लिहितो, ‘बाबांच्या मोबाइलवर ओटीपी येईना झालाय’, आणि बाबा निपाणीला अँड्रॉइड घेऊन बसलेत. ग्राम वन केंद्रातला ऑपरेटर कॉम्प्युटरवरून लिहितो आणि अडचण असते समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या फोनची. अशा ठिकाणी बॉटने ‘अँड्रॉइड’ म्हटलं तर शीट त्याला चूक धरते, पण मदतीच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. कंपनीला लिहिणाऱ्याचं उपकरण हवंय की अडचणीतलं, हे लेखी विचारून घे. उत्तर येईपर्यंत या चॅट वेगळ्या रंगात ठेव आणि किती आहेत ते सांग. गुपचूप वगळू नकोस.

नमुना कसा काढला तेही विचार. महिन्याभराच्या सगळ्या चॅटमधून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलल्या असतील तर तुझे आकडे महिन्याला लागू पडतात. तक्रारी झालेल्याच उचलल्या असतील तर ते फक्त तक्रारींचे आकडे. एकाच ग्राहकाच्या चार-पाच चॅट असतील तर त्या स्वतंत्र धरता येत नाहीत. आयफोनची ओळ भक्कम करायची म्हणून कंपनीने पुढे मुद्दाम जास्त आयफोनच्या चॅट दिल्या, तर आयफोनचा रिकॉल चालेल, पण प्रिसिजन आणि एकूण टक्केवारी काढताना मूळ प्रमाणाचं वजन लावावं लागेल.

नोकरीचं विचारलंस. चॅट, आवाज, भाषांतर करणाऱ्या प्रणाली तपासणाऱ्यांची गरज आहे. पदांची नावं निरनिराळी असतात: डेटा अ‍ॅनोटेटर, क्वालिटी अ‍ॅनालिस्ट, इव्हॅल्युएशन अ‍ॅनालिस्ट. पहिल्यात फक्त लेबलं लावायची असतात आणि पुष्कळदा नगाप्रमाणे पैसे मिळतात. त्यावर बी.एस्सी. खर्च करू नकोस. लेबलांचे नियम लिहिणं, दोघांचं एकमत मोजणं, नमुना ठरवणं, अहवाल देणं ही पुढची कामं आहेत आणि तुझा विषय तिथे लागतो. पायथन आणि एसक्यूएल शिकून घे, एक्सेल आहेच.

तुझ्याकडे दुसरीही एक गोष्ट आहे, जी तू पत्रात लिहिलीच नाहीस. शीटमध्ये रोमन अक्षरांतली मराठी आहे, ‘ओपन आगवल्दु’, म्हणजे ‘उघडत नाही’, असलं उत्तर-कर्नाटकी कन्नड आहे, आणि एकाच वाक्यात दोन्ही मिसळलेल्या चॅट आहेत. आमचं एकमत न झालेल्या विसातल्या बहुतेक याच होत्या. भाषेप्रमाणे तीन गट पाडून प्रत्येकातली खूण-ओळख वेगळी मोज. गट लहान असतील, म्हणून निष्कर्ष जपून लिही, पण लिही. पुण्या-बंगळुरात बसलेल्या कितीजणांना या तिन्ही प्रकारच्या चॅट सरळ वाचता येतात? खानापूर-बेळगावच्या मुलीला येतात, आणि अर्जात ते पहिल्या चार ओळींत यायला हवं.

बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि बाबांचा विचार चुकीचा नाही. शिक्षकी पेशा तुला मनापासून हवा असेल तर तो निवड. नुसतं हाताशी काहीतरी असावं म्हणून करणार असशील तर आधी ही मुलाखत दे. मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घे: पगार महिन्याचा की चॅटमागे, लेबलांचे नियम बदलायचा अधिकार कुणाला, आणि तुझा अहवाल बॉट बनवणाऱ्यांपर्यंत थेट जातो की मधल्या कंत्राटदाराकडे थांबतो. उत्तरं कळव, मग बाबांशी मीही बोलेन.